प्रगतिपत्रके मेल मर्जने काढावीत की हातानेच लिहावीत?

वर्गशिक्षिका, कोथरूड : इयत्ता सातवीच्या 52 मुलांची प्रगतिपत्रके मी गुणांच्या एक्सेल तक्त्यावरून मेल मर्जने काढली. आजारी असलेल्या एका मुलीच्या गणितापुढे तक्त्यात ‘गैरहजर’ लिहिले होते, पण पत्रकावर 0 छापून आला. पुन्हा हाताने लिहायला घ्यावे का?

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ : अवश्य घ्यावे. पेन हातात असताना ‘गैरहजर’ या शब्दाचा शून्य कधीच होत नाही, कारण त्या ओळीशी आपला हात थांबतो आणि ती मुलगी आठवते. आईवडिलांना तो शून्य दिसला असता तर काय वाटले असते?

शाळेतील संगणक शिक्षक, हडपसर : दोष पद्धतीचा नाही, तक्त्याच्या मांडणीचा आहे. वर्ड तक्ता वाचतो तेव्हा एखादा स्तंभ आकड्यांचा की अक्षरांचा, हे सहसा पहिल्या 8 ओळी पाहूनच ठरवले जाते. त्या ओळींत नुसते गुण असतील, तर पुढे 31 व्या ओळीतील ‘गैरहजर’ला आकड्यांच्या स्तंभात जागा उरत नाही आणि पत्रकावर 0 उमटतो. गणिताचे गुण C स्तंभात असतील तर शेजारी ‘गणित_पत्रक’ असा नवा स्तंभ करून त्यात हे सूत्र शेवटच्या मुलापर्यंत ओढावे :

```
=C2&""
```

त्यामुळे सर्व नोंदी अक्षरे म्हणूनच जातात. नमुन्यात हाच स्तंभ घालावा, बेरीज मात्र मूळ C वरूनच करावी. मग Preview Results मध्ये त्या मुलीचे पत्रक उघडून पाहावे.

पालक, वारजे : एवढा खटाटोप कशाला? स्तंभ निवडून Format Cells मध्ये Text केले की झाले.

संगणक शिक्षक, हडपसर : गुण भरण्याआधी केले असते तर चालले असते. आधीच भरलेले आकडे मात्र पुन्हा टंकित करेपर्यंत आकडेच राहतात. रिकाम्या घरात `=ISNUMBER(C2)` लिहिल्यास अजूनही TRUE येईल.

शिक्षिका, भोसरी : आमच्याकडे गेल्या वर्षी वेगळेच घडले. कोणीतरी फक्त नावांचा स्तंभ अकारविल्हे लावला, गुण जागच्या जागी राहिले आणि वर्गभर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेले. तेव्हापासून छापण्यापूर्वी मी कोणतीही पाच पत्रके उत्तरपत्रिकांशी ताडून पाहते.

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ : सूत्राचे म्हणणे पटले. तरीही बेरजेत ‘गैरहजर’ आपोआप गळतो आणि टक्केवारी मात्र 500 पैकीच निघते, म्हणजे शून्य पुसला तरी त्याचे वजन त्या मुलीवर उरतेच. हाताने लिहिणारा निदान तिथे थांबून विचारतो की 400 पैकी काढायची का.

वर्गशिक्षिका, कोथरूड : नव्या स्तंभाने ‘गैरहजर’ नीट छापले गेले. टक्केवारीची जागा मात्र त्या एका पत्रकावर मी कोरी ठेवली आहे. सोमवारी मुख्याध्यापकांना विचारून ती पेनाने भरीन.