मदत हवी आहे: 'आमची सुरुवात' कॅरोसेल अडलंय, उद्या टाकायचंय

फोंड्याची_वहिनी
आमचा ब्रँड कसा सुरू झाला ते सांगणारं कॅरोसेल इन्स्टावर टाकायचंय. काहीही लिहिलं तरी जाहिरात वाटते. पहिल्या स्लाइडवर 'एका स्वप्नाची सुरुवात', मग 'आजीच्या हातची चव', मग 'शुद्ध, पारंपरिक, प्रेमाने बनवलेलं'. दीर म्हणतो, हे तर सगळेच लिहितात. मग लिहू काय? उद्या रात्री टाकायचंय, लवकर सांगा.

म्हापशेकर
विकता काय ते तर सांगा! लोणची, साबण, पणत्या?

रील_राजा
कॅरोसेल कोण बघतंय? रील करा. आणि हट्टच असेल तर दहाच्या दहा स्लाइड भरा, त्यापेक्षा जास्त घेत नाही.

अक्षरजुळणी
वीस घेतं, 2024 पासून. पण जागा आहे म्हणून भरायची नसते. ताई, माल काय, घेतं कोण, आणि आजी खरंच होती का यात?

फोंड्याची_वहिनी
कोकमाचं आगळ. गिऱ्हाइकं पणजी-मडगावची, थोडी पुण्याची. आजीचा काही संबंध नाही, ती सोलां करायची. आम्ही सुरू केलं कारण कुळागरातली भिरंडां वाया जायची.

अक्षरजुळणी
का वाया जायची?

फोंड्याची_वहिनी
अहो, पावसाच्या तोंडावर सगळी एकदम पिकतात. सोलां म्हणजे साली मिठाच्या रसात बुडवा, उन्हात घाला, परत बुडवा, परत उन्हात, कितीतरी दिवस. मध्येच पाऊस आला की अर्धी सुकलेली बुरसटतात. माणसंही मिळत नाहीत. उरलेली झाडाखाली कुजायची. आगळाला ऊन लागत नाही. सालींना मीठ लावून ठेवलं की रस सुटतो, तो गाळून भरायचा. म्हणून आगळ.

अक्षरजुळणी
ही घ्या तुमची गोष्ट, आणि तुम्ही आजीला कामाला लावलंत! असं मांडा:

पहिली स्लाइड: 'पाऊस आला की ही भिरंडां झाडाखालीच कुजायची.' ब्रँडचं नाव नको, लोगो नको.
दुसरी: सोलांना ऊन का लागतं आणि पाऊस मध्ये आला की काय होतं.
तिसरी: आगळाला ऊन का लागत नाही. इथे पहिल्यांदा 'आम्ही' येऊ दे.
चौथी: आगळ खारट असतं, सोलकढीत वेगळं मीठ घालण्याआधी चाखून बघा. ठेवलं की रंग काळपट होत जातो.
पाचवी: कुठे मिळतं. संपलं.

चौथी गाळू नका. स्वतःचं कौतुक टाळायचं तर मालाची अडचण आपणच सांगावी. मग प्रत्येक वाक्य शेजारच्या ब्रँडच्या नावाखाली ठेवून बघा. तिथेही चपखल बसलं तर खोडा. 'प्रेमाने बनवलेलं' साबणालाही चालतं, उन्हाची गोष्ट चालत नाही.

लेबलवाला
'शुद्ध', 'पारंपरिक' तसेही काढाच. एफएसएसएआयचे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे 2018 चे नियम आहेत, असले शब्द मनाला येतील तसे वापरता येत नाहीत. पित्तावर औषध वगैरे तर चुकूनही नको. परवाना काढलाय ना?

फोंड्याची_वहिनी
काढलाय हो. मी ते विचारलंच नव्हतं.

डिचोलीची_माई
बाय, भिरंडेल ठेवतेस का? बियांचं करत असशील तर मला हवंय, टाचा फुटल्यात.

रील_राजा
खायच्या वस्तूच्या पहिल्या स्लाइडवर कुजकी फळं? कोण घेईल? बाटलीचा झकास फोटो टाका, बर्फ, पुदिना.

अक्षरजुळणी
तो फोटो सरबतवाल्यांचा, सगळ्यांचा सारखाच. आणि कोणी पुढे सरकलं नाही तर इन्स्टा नंतर त्यालाच दुसरी स्लाइड दाखवतं कधीकधी. म्हणून दुसरी एकटीही कळली पाहिजे, 'आणि मग एक दिवस...' अशी लटकती नको.

म्हापशेकर
यात राजाचं थोडं पटतं. कुजलेलं नको, नुसती गळलेली दाखवा. आमच्या काजूच्या पोस्टवर मी भट्टीचा धूर टाकला होता, लोकांनी आग लागली का विचारलं.

फोंड्याची_वहिनी
पण फोटोच नाही! हंगाम गेला, झाडाखाली आता नुसतं गवत. नेटवरचा घेऊ?

अक्षरजुळणी
नको. कोकमाच्या नावाखाली भलतंच फळ येतं, फोंड्याचा माणूस लगेच ओळखेल. साध्या रंगावर मोठी अक्षरं, 1080 बाय 1350, ओळींमध्ये मोकळी जागा, नाहीतर वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात. मे महिन्यात फोटो काढून ठेवा.

रील_राजा
नुसती अक्षरं? मी तरी थांबणार नाही.

फोंड्याची_वहिनी
दिराकडे बरणीत रस सुटतानाचा एक जुना फोटो सापडलाय, थोडा हललेला. तिसरीवर तो, पहिलीवर अक्षरं. आणि माई, भिरंडेल नाही करत, बिया शेजारी नेतात, विचारून सांगते.