हुशार पोरांचाच मार्क जातोय, प्रश्न उडवायचा की मार्किंग बदलायचं?

फळाखडू: बोर्ड पॅटर्नचा गणिताचा सराव पेपर, 120 मुलं. 3 मार्कांचा प्रश्न असा होता, ‘दोन क्रमागत सम संख्यांच्या वर्गांची बेरीज 244 आहे, तर त्या संख्या काढा.’ डिफिकल्टी 0.62, म्हणजे मुलांना सरासरी 62 टक्के मार्क मिळाले, मस्त, पण हुशार आणि कच्च्या मुलांतला फरक दाखवणारं डिस्क्रिमिनेशन फक्त 0.08. उडवू का हा प्रश्न?

तिरकी रेघ: उडवा. 0.2 च्या खाली गेला की प्रश्न बाद, आम्ही एक्सेलमध्ये त्या ओळी सरळ लाल करतो आणि विषय संपतो.

जुना मॉडरेटर: अशी डोळे मिटून काट मारू नका हो. 95 टक्के मुलांना आलेल्या प्रश्नाचं डिस्क्रिमिनेशन वर जाणार कसं, हुशार आणि कच्च्या मुलांत फरक पडायला जागाच उरत नाही, आणि तसे एकदोन प्रश्न सुरुवातीला मुद्दाम टाकतातच. इथे मात्र 0.62 आहे म्हणजे जागा भरपूर होती आणि तरी फरक पडला नाही, याचा अर्थ आत काहीतरी उलटं फिरतंय. 3 मार्क एकगठ्ठा बघू नका, एकेक सुटा करून बघा.

फळाखडू: केलं सुटं. एकूण मार्कांवरून वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के घेतले, म्हणजे 32 आणि 32. समीकरण मांडल्याचा मार्क वर 30 जणांना, खाली 19. अवयव पाडून x काढल्याचा 26 आणि 17. इथवर ठीक, आणि शेवटच्या उत्तराचा मार्क वर 8, खाली 20 😳

गणिताची धास्ती: पेपर अवघडच काढतात हल्ली. आमच्या चिरंजीवांनी असल्याच प्रश्नात अंदाजाने आकडे घालून उत्तर बरोबर आणलं तरी 3 पैकी 1 च मिळाला, हे बरोबर आहे का?

जुना मॉडरेटर: ताई, तो वेगळा मुद्दा, येतो त्याच्यावर. आधी हा शेवटचा मार्क. 8 वजा 20, भागिले 32, म्हणजे उणे 0.375, पहिल्या दोन मार्कांनी कमावलेल्यातलं निम्म्याहून जास्त या एकाने खाल्लं. असा उणे आकडा दिसला की मुलांकडे नाही, आधी नमुना उत्तराकडे बघायचं. समीकरण येतं x² + 2x − 120 = 0, म्हणजे x = 10 किंवा −12. प्रश्नात ‘नैसर्गिक’ शब्द नाही. तुमच्या नमुना उत्तरात ‘−12 ऋण म्हणून वगळू’ असं लिहिलंय का?

फळाखडू: अगदी हेच वाक्य आहे! गठ्ठा परत उघडला. वरच्या 32 पैकी 20 जणांनी 10, 12 आणि −12, −10 अशा दोन्ही जोड्या लिहिल्यात, आणि चेकरने दुसऱ्या जोडीवर लाल काट मारून मार्क कापलाय. एका पोरीने तर 144 + 100 = 244 असा ताळाही करून दाखवलाय, त्याच्यावरही काट.

तिरकी रेघ: मग प्रश्न उडवू नका, मान्य, माझं चुकलं. पण दोन्ही जोड्या बरोबर असतील तर नुसतं 10, 12 लिहिणाऱ्याचं उत्तर अर्धवट झालं की, त्यांचा मार्क कापा. गणितात अर्धवट म्हणजे अर्धवट.

जुना मॉडरेटर: तत्त्व म्हणून बरोबर, पण वर्गात शब्दांकित उदाहरणं करताना ऋण उत्तर टाकून द्यायची सवय आपणच लावली, आणि इथे शब्द गाळला पेपर सेटरने, त्याचा दंड मुलांनी का भरायचा. मी दोन्ही उत्तरांना मार्क देईन. तसं केलं तर वर 28, खाली 20, म्हणजे 0.25, आणि पूर्ण प्रश्न 0.29 वर येतो. फक्त नवे मार्क चढवल्यावर वरचे 32 कोण हेच बदलू शकतं, तेव्हा गट परत पाडून मोजा. आणि 32 च्या गटात एक पोरगं इकडचं तिकडे झालं की 0.03 चा फरक पडतो, त्यामुळे 0.25 आणि 0.28 वरून भांडू नका.

तिरकी रेघ: मला नाही पटत. मग पुढच्या वर्षी कोणी −12 चा विचारच करणार नाही.

जुना मॉडरेटर: पुढच्या वर्षी प्रश्नातच ‘नैसर्गिक’ घाला, नाहीतर ‘सर्व जोड्या काढा’ असं लिहा, म्हणजे मुलाला ओळखायला लागणार नाही आपल्या मनात काय आहे ते. आणि ताई, तुमचं, आकडे घालून काढलेल्या उत्तराला किती, हे स्कीममध्ये लिहिलेलं हवं. नसेल तर एक चेकर 1 देतो, दुसरा 3, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात. माझं मत, 10, 12 चा ताळा दाखवला असेल तर 2 द्यावेत.

गणिताची धास्ती: ताळा कुठला, नुसतं उत्तर लिहून मोकळा झालाय 😑

फळाखडू: आमच्याकडेही असे तिघं निघाले, तिघांनाही 1 च मिळालाय. त्यातल्या एकाने समासात बारीक अक्षरात 8, 10 घालून बघून खोडलंय, मग 10, 12. ही पद्धत धरायची का कच्चं काम?

तिरकी रेघ: कच्चं काम.

जुना मॉडरेटर: मी पद्धत धरेन. दोघा चेकरना वेगवेगळं विचारा, एकमेकांचं न बघता.