प्रति: एका मुद्रेचे इतके अर्थ कसे?

>> "प्रत्येक मुद्रेला एकच ठरलेला अर्थ असतो ना?"

ध्यानाच्या मुद्रांबाबत तसं बरंचसं म्हणता येईल, पण नाचात अजिबात नाही. भरतनाट्यमच्या क्लासमध्ये हस्ताचं, म्हणजे हाताच्या मुद्रेचं नाव शिकवलं, की पाठोपाठ त्याचा 'विनियोग', म्हणजे तो कुठे कुठे वापरायचा याचा श्लोक पाठ करून घेतात. 'त्रिपताक' घ्या. 'पताक' हस्तासारखा सरळ पंजा, फक्त अनामिका दुमडलेली. त्याच्या विनियोगाचा श्लोक 'मकुटे वृक्षभावेषु' असा सुरू होतो आणि त्यात मुकुट, झाड, वज्र, केवड्याचं फूल, दिवा, आगीच्या ज्वाळा, पारवा, बाण असं काय काय येतं! मग बघणाऱ्याला कळतं कसं? हात कुठे आहे, कसा हलतोय आणि नजर कुठे आहे यावरून. डोक्यावर धरला तर मुकुट. तोच थरथरत वर चढला आणि चेहऱ्यावर होरपळ दिसली, तर ज्वाळा. नुसत्या पंजाच्या फोटोवरून सांगणं अशक्य. म्हणून इंटरनेटवरचे 'मुद्रा आणि तिचा अर्थ' वाले तक्ते नाचापुरते तरी अर्धवटच.

माझ्या लेकीची पहिले कित्येक महिने त्रिपताकात एकच रड होती: अनामिका दुमडली की करंगळीही मागोमाग वाकायची. बाई दुसऱ्या हाताने करंगळी सरळ धरून ठेवायला लावायच्या. घरी एकदा करून बघा, बहुतेकांची वाकतेच.