लोणच्याच्या बरणीत शेंगाचटणी: वास जातो का?

नवी पेठकर: सासूबाईंच्या दोन बरण्या आहेत, एक काचेची, एक चिनी मातीची. दोन्हींत वर्षानुवर्षं कैरीचं लोणचं होतं. तीनदा साबणाने घासल्या, तरी आतून चिकट लागतात आणि झाकण उघडलं की हिंगाचा भपकारा येतो. शेंगाचटणी भरायचीय. काय करू?

शेळगीची सून: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकदम ओता. फसफसलं की सगळं निघतं, झालं!

बरणीवाले काका: फसफस बघायला छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे जवळपास नुसतं खारट पाणी उरतं. आधी पाणी लावूच नका. मूठभर ज्वारीचं पीठ आत टाका, कोरड्या फडक्याने चोळा. पिठाचे पिवळट गोळे होऊन पडतील, ते तुमचं जुनं तेल. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा. हात घालताना मोजे घाला. उकळतं पाणी नको, काच तडकते. गळ्याखालच्या वळणात ब्रश पोचत नाही, तिथे तांदूळ आणि थोडं पाणी घालून खळखळवा.

मार्केट यार्ड: चादरीवर तेल पडलं असेल तर आधी टाल्कम पावडर. माझी नवी चादर अशीच वाचली.

नवी पेठकर: बरणी हो, बरणी!

शेळगीची सून: काका, माझी काचेची बरणी व्हिनेगरनेच चकचकीत झाली. खोटं कशाला बोलू?

बरणीवाले काका: बोअरच्या पाण्याचा पांढरा थर गेला असेल. तो व्हिनेगरने जातो, तेल नाही जात. आणि झाकणाचं रबर काढून हुंगून बघा. पुष्कळदा काचेला वास नसतोच, रबरालाच असतो. ते बदलायचं. चिनी मातीची गोष्ट वेगळी. आत हळदीचं पाणी फिरवून पुसा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पिवळ्या रेघा राहिल्या तर झिलईला चिरा आहेत आणि तेल त्यांच्या आत मुरलंय. माझ्याकडची तशी बरणी धुतल्यावर बिनवासाची व्हायची, पण एप्रिलच्या उन्हात तापली की पुन्हा हिंग.

कडक भाकरी: पण वास काढायचाच कशाला? आमची आजी लोणचं भरण्याआधी मुद्दाम निखाऱ्यावर हिंग टाकून बरणीला धुरी द्यायची.

बरणीवाले काका: लोणच्याला धुरी ठीक. चटणीला कैरीचा वास लागला तर तुम्हीच ताट सरकवाल. आणि धुरीने जुनं खवट तेल जात नाही, नुसतं झाकलं जातं.

कडक भाकरी: हे काही पटलं नाही.

नवी पेठकर: चार दिवसांनी सांगते. काचेची निघाली, रबर बदललं, हळदीचा डाग उन्हाने फिका झाला. चिनी बरणीत मात्र रेघा दिसल्या. सासूबाई म्हणाल्या, "टाकायची नाही, त्यात मीठ ठेव." सध्या मीठ आहे. मिठालाही वास लागतो का, तेवढं बघायचंय.