मदत हवी आहे: अक्षर न वापरता डबल जंप कशी शिकवावी?
नमस्कार मंडळी. बेळगावात शिकतोय, प्लॅटफॉर्म गेम बनवतोय. खेळून बघणारी खानापूरची पोरं, कुणी मराठी शाळेतली, कुणी कन्नड. म्हणून पडद्यावर मजकूर नकोच.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा (१९८५) पहिला टप्पा बारकाईनं बघितला. त्यात समोरासमोर दोन जिने आहेत, मध्ये जमीन. उडी हुकली तरी मरत नाही. लगेच पुढं तसेच जिने, पण मध्ये खड्डा. आधी सराव, मग धोका. भारीच!

मीही तसंच केलं. पण माझ्याकडं सरावाच्या जागेतून साध्या उडीनंही बाहेर पडता येतं. त्यामुळं हवेतली दुसरी उडी कुणाला सापडतच नाही, आणि पोरं थेट खऱ्या खड्ड्यात जातात. सरावाच्या जागेतली भिंत डबल जंपशिवाय चढताच येणार नाही इतकी उंच करू का? की अडकून कंटाळतील? कुणी करून बघितलंय काय?