पगाराचा ठरावीक वाटा दानाला: भाचीची फी त्यात धरायची का?

सिंहगडरोडकर: दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४० हजार. त्याचे ५ टक्के, म्हणजे महिना ७ हजार, एप्रिलपासून वेगळ्या खात्यात टाकतोय. आता जूनमध्ये बहिणीने भाचीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ६० हजार मागितलेत. यातूनच द्यावेत का? मग वर्षाचे ८४ हजार जवळपास संपलेच.

हिशोबनीस: यातून द्या, पण सगळे नकोत. आधी खात्याचे दोन भाग करा: ४,२०० बाहेरच्या संस्थांचे, २,८०० नात्यातले. नात्यातली मागणी फोनवर येते, तिला नाही म्हणणं जड जातं. संस्था अडून बसत नाही. सगळं एकत्र ठेवलं की बाहेर जाणारी रक्कम हळूहळू शून्यावर येते. मार्चअखेर पासबुक उघडून नात्याबाहेर किती गेलं एवढंच बघा, कळेल.

आता तुमचा जून. तीन हप्त्यांचे नात्याच्या भागात ८,४०० आहेत. त्या भागाला पुढच्या १२ महिन्यांची उचल द्या, ३३,६००. ही उचल आणीबाणीच्या ठेवीतून काढायची आणि दरमहा २,८०० त्या ठेवीत परत भरायचे. झाले ४२ हजार. उरलेल्या १८ हजारांसाठी बाकीच्या भावंडांशी बोला. पूर्ण ६० हजार एकट्याने दिलेत तर उचल फिटायला १९ महिने लागतील, आणि त्याआधीच पुढच्या वर्षाची फी येईल. पैसे शक्यतो थेट कॉलेजच्या खात्यात भरा.

मृणाल_कोथरूड: साफ असहमत. भाचीची फी हे दान नाहीच, तो घरखर्च आहे. आई-वडिलांची औषधं, भाचीची फी, मावशींचा दिवाळी बोनस, सगळं मासिक बजेटमध्ये बसवा. बोनस तर पगाराचाच भाग आहे, त्याला दान म्हणणं मला पटत नाही. ५ टक्के पूर्ण बाहेर जायला हवेत.

गावाकडचा: ताई, ज्यांच्या घरात पहिला पगार याच पिढीत आला त्यांना हे लागू करून बघा. गावी शिकणारी तीन पोरं, सगळ्यांची नजर एका नोकरीवर. तिथली गरज खरी आहे हे डोळ्यांनी दिसतं. कुठल्या संस्थेबद्दल एवढी खात्री असते? अशा घरात नात्याचा भाग ६० टक्के ठेवला तरी मला गैर वाटत नाही.

अनघा_पी: पण ८०जीमध्ये अर्धे परत मिळतात ना? मग संस्थेला देणं केव्हाही फायद्याचं. आणि भाचीची फीही पावतीवर दाखवता येईल.

हिशोबनीस: परत मिळत नाहीत, करपात्र उत्पन्नातून वजा होतात, आणि तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. बहुतेक खासगी संस्थांना वजावट निम्म्या रकमेची. ३६ हजार दिले तर १८ हजार वजा, ३० टक्के दराने उपकरासह ५,६१६ रुपये कर वाचतो. २ हजारांच्या वर रोख दिलं तर काहीच नाही. संस्थेकडून फॉर्म १०बीई मागून घ्या, नुसत्या छापील पावतीवर थांबू नका. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. भाचीच्या फीवर तर कुठल्याच प्रणालीत मामाला ८०जी मिळत नाही. मात्र मामाने दिलेल्या रकमेवर भाचीलाही कर लागत नाही.

पेन्शनर_सदाशिव: विषय थोडा वेगळा. चुलतभावाला घरदुरुस्तीसाठी ८० हजार भेट दिले. त्यालाही कर नाही ना?

हिशोबनीस: काका, तिथे अडचण आहे. आयकराच्या व्याख्येत चुलतभाऊ नातेवाईक धरत नाहीत. अशा सगळ्यांकडून मिळून वर्षात ५० हजारांपर्यंत सूट. त्यापुढे गेलं की वरचे ३० नव्हे, अख्खे ८० हजार त्याच्या उत्पन्नात धरले जातात. मार्चमध्ये ५० आणि एप्रिलमध्ये ३० दिले असते तर प्रश्न आला नसता.

मृणाल_कोथरूड: बरं, १८ हजार हातउसने म्हणून दिले तर? ते मालमत्तेच्या यादीत ‘येणे’ म्हणून वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि आकडा फुगतो.

हिशोबनीस: हे मान्य. म्हणून मुदत ठरवायची: १२ महिन्यांत परत आले नाहीत तर यादीतून काढून नात्याच्या भागावर खर्ची टाकायचे. बहिणीला सांगायची गरज नाही, हिशोब आपल्यापुरता.

गावाकडचा: आणि गृहकर्जाचा हप्ता ६० हजार असेल तर ५ टक्के कशावर? हप्ता जाऊन ८० हजार उरतात, त्यावर ४ हजारच होतात.

हिशोबनीस: हातात येणाऱ्या पूर्ण पगारावर. हप्ता वजा करू दिला की उद्या गाडीचा, परवा दुसऱ्या फ्लॅटचा वजा होतो. झेपत नसेल तर ३ टक्के करा, पण पाया तोच ठेवा.

गावाकडचा: गाडीचं मान्य, राहत्या घराचं नाही. भाडं वजा करणाऱ्याला तुम्ही काय सांगाल?

सिंहगडरोडकर: ४२ हजार कॉलेजला भरतो, धाकट्या भावाशी आज बोलतो. पालखीच्या अन्नदानाची वर्गणी ४,२००च्या भागातून ना?

हिशोबनीस: हो. ते नात्याबाहेरचं.