सोसायटीच्या सभेत सोलरवाल्याने स्वतःच तोटे सांगावेत का?

खजिनदार: सोलरवाल्याला सभेत बोलायला वेळ दिला, तर त्यातला अर्धा त्याने काय होणार नाही हे सांगण्यात घालवला. लाइट गेली की लिफ्ट चालणार नाही, फ्लॅटचं बिल कमी होणार नाही, फक्त कॉमन मीटरचं होईल. कॉमनला महिन्याला साधारण १,५०० युनिट लागतात. आम्ही २० किलोवॅट मागत होतो, तर म्हणे १३ पुरे. ठराव पुढे ढकलला गेला. माल विकायला आलेल्याने असं बोलायचं असतं का?

वायरमन: असंच बोलायचं असतं. सभेतल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात 'गच्चीवर पॅनल म्हणजे लाइट गेली तरी उजेड' हेच पक्कं असतं. ग्रिडला जोडलेला, बिनबॅटरीचा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो. पडलाच पाहिजे, नाहीतर लाइन बंद आहे असं समजून दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. हे त्याने लपवलं असतं, तर भर उन्हात लिफ्ट बंद पडल्यावर लोक आधी तुमच्याच दारात आले असते.

आता १३ चं बघा. चांगल्या उन्हाच्या जागी एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. १३ चे झाले १८,२००. तुमची गरज १८,०००. २० बसवले असते तर २८,००० झाले असते, म्हणजे १०,००० जास्तीचे, आणि वर्षअखेरी उरलेल्या युनिटला सहसा आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. त्याने स्वतःची ऑर्डर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापली. हिशोब बघणाऱ्याने यावर चिडायचं?

दुसरा मजला: बॅटरी लावा, विषय संपला. लाइट गेली तरी लिफ्ट चालू. हे त्याने सांगितलंच नाही, म्हणजे त्याला येत नसणार. आणि उन्हाळ्यात पॅनल जास्त तापतात, तेव्हा वीजही जास्त मिळते.

वायरमन: बॅटरीने चालते, हे खरं. पण नुसती बॅटरी आणून भागत नाही. हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो लिफ्टची मोटर सुरू होतानाचा झटका पेलेल एवढा मोठा लागतो. खर्च एकदम वर जातो. जिन्यातले दिवे आणि एखादा पंखा एवढंच बॅकअपवर ठेवलं तर परवडतं.
उष्णतेचं मात्र उलटं आहे. पॅनलला ऊन हवं, ताप नको. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला वीज साधारण ०.३५ टक्क्यांनी घटते. भर दुपारी पॅनल ६५ ला गेलं तर १४ टक्के गेलेच.

वरचा मजला: युनिट मोजत बसलात सगळे, गळतीचं कोण बोलणार? आमच्या आधीच्या सोसायटीत स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडली. पहिल्याच पावसात माझ्या बेडरूमचं छत ओलं. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला भोकं पाडलीत, आता गॅरंटी नाही. सोलरवाला म्हणाला स्लॅबच जुना. सोसायटी म्हणाली वरच्या मजल्याला हे चालायचंच. छत मी रंगवलं, माझ्या पैशांनी.

खजिनदार: एका गळतीसाठी अख्ख्या इमारतीने थांबायचं का?

वरचा मजला: तुमच्या डोक्यावर दुसऱ्याचा फ्लॅट आहे, म्हणून असं बोलता येतं! बचत सगळ्यांची, पाणी एकट्या माझ्या घरात.

दुसरा मजला: भोकं कशाला पाडायची? काँक्रीटचे ठोकळे ठेवायचे.

वायरमन: ठोकळे चालतात, पण वादळात वारा पॅनलखाली शिरून ते उचलू बघतो. तो हिशोब करून वजन ठेवावं लागतं, आणि तेवढं वजन स्लॅब पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं लागतं. जुन्या स्लॅबवर तर आधी विचारावंच. माझी तक्रार त्याच्या भाषणात हे आलं नाही याची आहे. एवढं सगळं उघड बोलला, मग बसवण्याआधी स्लॅबवर पाणी साठवून गळती तपासायची, बसवल्यावर पुन्हा तपासायची, आणि दोन्ही वेळी वरच्या मजल्याची सही घ्यायची, हेही सांगायला हवं होतं. त्याशिवाय गळती कोणाची हे कधीच ठरत नाही.

वरचा मजला: आणि दोन पावसाळ्यांनी गळलं तर? त्याची सही कोण करणार?

वायरमन: ते करारात लिहून घ्यावं लागेल. किती वर्षांची हमी मिळेल, हे मी इथून सांगू शकत नाही.

खजिनदार: बरं, १३ चं मान्य. बिलं काढून पाहिली, उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर आकडा तेवढाच येतो. पण तो आधी किती वाचेल ते सांगून मग लिफ्टचं बोलला असता, तर ठराव त्याच दिवशी झाला असता. यावर मी ठाम आहे.

वरचा मजला: माझ्या मताशिवाय? करून दाखवा.